पडताळा जुळला, तरी उत्तर चूक

सराव परीक्षेतल्या एका गणितावर मी हरकत घेतली होती. ती फेटाळली गेली याचं काही नाही. पण आठ दिवस ताटकळत ठेवून ‘हरकत अमान्य, पद्धत तपासा’ एवढंच उत्तर यावं, याचा राग अजून आहे. कुठली पद्धत तपासायची? मी तर पडताळासुद्धा करून पाठवला होता.

गणित साधं होतं. अ भांड्यात दूध आणि पाणी ५:३, ब भांड्यात १:३. दोन्हींतून घेऊन ४८ लीटर असं मिश्रण करायचं की दूध आणि पाणी सारखं यावं. अ मधून किती लीटर? उत्तरतालिकेत ३२, माझं २४.

मी काय केलं होतं ते सांगतो. अ साठी ५/३, ब साठी १/३, मध्ये हवं ते १. तिरक्या वजाबाक्या केल्या, दोन्हीकडे २/३ आले. म्हणजे प्रमाण १:१, दोन्हींतून २४-२४. मग मोठ्या रुबाबात ताळा घेतला: २४ × ५/३ = ४०, २४ × १/३ = ८, बेरीज ४८, भागिले ४८, आलं १. जुळलं! हरकतीच्या अर्जात हीच ओळ अधोरेखित करून दिली होती.

रूममेटने कागद पाहिला आणि ४० वर बोट ठेवलं. “हे चाळीस काय आहे?”

“अ मधलं दूध.”

“चोवीस लीटर मिश्रणात चाळीस लीटर दूध? कुठल्या डेअरीचं रे?”

मग त्याने त्याच कागदाच्या कोपऱ्यात तीन रकाने आखले: दूध, पाणी, एकूण. वर फक्त प्रश्नात दिलेली प्रमाणं, माझा एकही अपूर्णांक घ्यायचा नाही. अ चे २४ लीटर म्हणजे आठ भाग, एक भाग ३ लीटर. दूध १५, पाणी ९. ब चे २४ म्हणजे चार भाग, एक भाग ६. दूध ६, पाणी १८. बेरीज दूध २१, पाणी २७. सारखं कुठे आहे?

घोळ एवढाच होता की ५/३ हे दुधाचं पाण्याशी प्रमाण, एकूण मिश्रणातला दुधाचा वाटा नव्हे. आणि पडताळा मी त्याच ५/३ वर घेतला. वजन करणारा काटाच खोटा असेल तर दुसऱ्यांदा वजन करून काय मिळणार, तेच आकडे परत येणार.

वाटा घेतला तर अ मध्ये ५/८, ब मध्ये २/८, हवा तो ४/८. तिरकी वजाबाकी केली की २:१, म्हणजे ३२ आणि १६. आता रकाने भरा: अ चं दूध २०, पाणी १२, ब चं दूध ४, पाणी १२. एकूण दूध २४, पाणी २४, मिळून ४८. याला पडताळा म्हणायचं. प्रमाण जुळलंच, आणि ४८ सुद्धा भरले; नुसतं प्रमाण बघून थांबू नका.

आता त्या रकान्यात पाण्याचे आकडे बघा: १२ आणि १२. माझं १:१ तिथे बसलं होतं! दूध-पाण्याचं प्रमाण घेऊन तिरकं केलं की जे गुणोत्तर येतं ते दोन्हींतल्या पाण्याचं असतं, मिश्रणाच्या लीटरांचं नाही. हे कळल्यावर राग निम्मा उतरला. ‘पद्धत तपासा’ऐवजी ही एक ओळ लिहिली असती तर पुरा उतरला असता.

हां, आणि हे आधीच सांगायला हवं होतं. पुष्कळांचं गुणोत्तर बरोबर येतं पण उलटं लावलं जातं, अ चे १६ आणि ब चे ३२. रकान्यात दूध १० + ८ = १८ येतं, लगेच सापडतं. त्याच्याही आधी डोळ्याने कळतं: ४/८ हे ५/८ ला जास्त जवळ आहे, म्हणजे अ जास्त लागणार. पर्यायांत १६, २४, ३२ तिन्ही होते, पेपर काढणारा कच्चा नव्हता.

अजून एक. शेकडेवारी दिलेली गणितं मी कधीच चुकलो नव्हतो, कारण ६० टक्के म्हटलं की तो एकूणातला वाटाच असतो. घोटाळा फक्त ५:३ असं लिहिलं की होतो. आणि ब मध्ये नुसतं शुद्ध दूध दिलं असतं तर माझ्या पद्धतीत खाली पाण्याचं शून्य आलं असतं, तिथेच गाडी अडली असती आणि तो अर्ज लिहायची वेळच आली नसती.