३,४०,००० ची गाडी

आज अंधेरीहून जुनी हॅचबॅक बोरिवलीला घरी आणली. ठरली ३,४०,००० ला, पण रात्री वहीत बेरीज मांडली तर ३,६८,६००!

नाव बदलायला फॉर्म २९, ३० आणि एजंट मिळून ४,५००. ते धरलंच होतं. दणका दिला इन्शुरन्सनं. पॉलिसी चालू होती, म्हणून मी निर्धास्त. पण आधीच्या मालकाचा ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, त्याचा स्वतःचा, गाडीबरोबर येत नाही. उरलेल्या महिन्यांचा फरक २,९०० भरला, तेव्हा पॉलिसी माझ्या नावावर. नसती केली, तर समोरच्याच्या नुकसानीचं थर्ड पार्टी कव्हर मिळालं असतं, आपल्या गाडीचं नुकसान मात्र आपल्याच खिशातून. यासाठी १४ दिवसांत अर्ज करायचा असतो.

टायर दिसायला झकास, नक्षी भरपूर. मेकॅनिककाकांनी कडेचे चार आकडे दाखवले: १४१७. म्हणजे २०१७ चा चौदावा आठवडा! रबर कडक, बगलेला बारीक चिरा. चार टायर, अलाइनमेंटसकट १६,४००. बॅटरी ४,८००.

हे आकडे सौदा करताना वाचले असते तर दहा हजार तरी तोडले असते. बायको म्हणते, पेढे आता पुढच्या पगाराला.