आठ नोव्हेंबर आणि एक्स-रेच्या पॅसेजमधला कार्यक्रम

रेसिडेन्सी केली त्या सरकारी हॉस्पिटलमध्ये दरवर्षी आठ नोव्हेंबरला रेडिओग्राफी डे व्हायचा. १८९५ साली याच तारखेला राँटगेननी जर्मनीत वुर्झबर्गला एक्स-रे शोधले. हॉल वगैरे काही नाही हं, एक्स-रेच्या पॅसेजमधले बाक भिंतीला सरकवायचे, टेबलावर राँटगेनचा दाढीवाला फोटो, त्याला झेंडूचा हार, नारळ फोडायचा आणि सामोसे. वेळ दुपारी तीनची, कारण ओपीडीची गर्दी तेव्हा जरा ओसरलेली असायची, तरी एक रूम चालूच. त्यामुळे ज्यांचा दिवस त्या एक्स-रे काढणाऱ्यांतले निम्मे लोक आतच असायचे आणि भाषणाच्या मध्येच "दीर्घ श्वास घ्या... धरून ठेवा... सोडा" ऐकू यायचं, की सगळे हसायचे, एकदा तर डीन साहेबांनीसुद्धा बोलता बोलता श्वास धरला होता :)

एका वर्षी तिथल्या इनचार्ज मॅडम म्हणाल्या, "ऑर्थोवाले रोज आमच्याकडे फिल्मसाठी भांडता, आज दोन शब्द चांगले बोला." बोललो. त्यातलं जेवढं आठवतंय तेवढं लिहितो.

"नमस्कार. मी फक्त एका रात्रीबद्दल बोलणार आहे. बाइकवरून पडलेला पंचविशीतला मुलगा, कॅज्युअल्टीत आला तेव्हा शुद्धीत होता, हातपाय हलवत होता, फक्त मान दुखते म्हणत होता. गळ्यात कॉलर घातली आणि मानेचा लॅटरल एक्स-रे सांगितला. फिल्म बघितली, मणके एका रेषेत, फ्रॅक्चर नाही, मी कॉलर काढायला निघालो होतो तेवढ्यात एक्स-रे काढणारे आपले काका काचेमागून बाहेर आले आणि म्हणाले, 'सर, सातवा मणका आलाच नाहीये, मोजा.' मोजले तर खरंच सहाच. मुलगा तालमीतला, खांदे हे एवढे, आणि बाजूनं फोटो काढला की खांद्याची सावली नेमकी मानेच्या तळावर पडते. म्हणजे फिल्म नॉर्मल नव्हती, अर्धवट होती, आणि अर्धवट फिल्म दिसायला एकदम नॉर्मलच दिसते.

काकांनी मला विचारून दोन्ही हात पायाकडे हलके ओढून परत एक काढला, तरी दिसेना. जोर लावायचा नाही, हातात मुंग्या आल्या म्हणाला तर लगेच सोडायचं, हे तेच मला सांगत होते. मग स्वीमर्स व्ह्यू. पेशंट उताणाच, कॉलर तशीच, मान इंचभरही हलवायची नाही, कॅसेटच्या बाजूचा हात डोक्यावर, दुसरा खांदा खाली, पोहताना असतो ना तसा, म्हणजे दोन्ही खांदे एकमेकांवर येत नाहीत आणि मधल्या फटीतून मणके दिसतात. एवढ्या जाडीतून किरण जायचे म्हणून एक्स्पोजरही वाढवावं लागतं. त्या फिल्ममध्ये सातवा मणका खालच्या मणक्यावर पुढे सरकलेला दिसला. कॉलर काढून त्याला उठवून बसवलं असतं तर काय झालं असतं ते इथल्या डॉक्टरांना सांगायला नको.

त्या मुलाला माझं नाव माहितीये, दिवाळीला त्याची आई माझ्यासाठी चकल्या घेऊन आली. काकांना त्यानं पाहिलंच नाही, उताण्या पेशंटला छत दिसतं आणि काचेमागून आवाज येतो, 'हलू नका बाळा.' रिपोर्टवर आमच्या सह्या असतात, यांची सही कुठेच नसते. काका, थँक्यू, आणि चकल्या चांगल्या होत्या."

एवढ्यात टाळ्या. पण काका कुठायत बघायला गेलो तर आयसीयूतून पोर्टेबलचा कॉल आला म्हणून अर्ध्या भाषणातच मशीन ढकलत गेले होते! वर जाऊन सांगितलं तर लेड अॅप्रन काढून हँगरला लावता लावता म्हणाले, "सर, ते राहू द्या, तुमचे ज्युनियर अॅप्रन घडी घालून खुर्चीवर टाकतात ते आधी बंद करायला सांगा, घडीवर आतलं शिसं तडकतं, वरून कळत नाही, मग एक दिवस स्क्रीनिंगखाली धरून बघितला की भेग दिसते आणि तोवर घालणारा बिनधास्त उभा असतो." छातीवरचा बॅज दाखवून पुढे म्हणाले, हा दर तीन महिन्यांनी तपासायला जातो, किती किरण लागले ते यातून कळतं, पण कळतं ते लागून झाल्यावर. हे सगळं भाषणात घ्यायला हवं होतं खरं म्हणजे.

पुढच्या वर्षीपासून कॅज्युअल्टीच्या व्ह्यूबॉक्सशेजारी काकांच्या अक्षरातला कागद चिकटलेला होता, "मान लॅटरल : सात मोजा, आठव्याचा वरचा काठ दिसलाच पाहिजे". आता तिथे सीटी चोवीस तास चालू असतं, अशा पेशंटला थेट सीटीला नेतात, नवीन पोरांना स्वीमर्स विचारला तर काही जण तलाव कुठाय विचारतील. कार्यक्रम मात्र अजून त्याच पॅसेजमध्ये तीन वाजता होतो, या वर्षी सामोश्यांऐवजी बटाटेवडे होते म्हणे.