वर्तुळाच्या पाकळ्यांपासून आयत: आठवीच्या वर्गातील माझा अनुभव

तासगाव तालुक्यातील एका गावात मी आठवीला गणित शिकवतो. वर्तुळाचे क्षेत्रफळ शिकवताना वर्तुळाच्या पाकळ्या कापून त्या उलटसुलट मांडायच्या आणि आयत तयार झाला असे दाखवायचे, ही कृती बहुतेक शिक्षक करतात. माझ्या वर्गात ही कृती होत असे, मुले हौसेने कागद कापत, पाकळ्या वहीत चिकटवत. परंतु आयताची लांबी किती, असे विचारले की अनेक जण पूर्ण परीघ सांगत आणि क्षेत्रफळ दुप्पट काढून मोकळे होत. सूत्र पाठ असलेल्या मुलांनाही लांबीच्या जागी अर्धाच परीघ का घ्यायचा हे सांगता येत नसे. म्हणून या वर्षी मी पाकळ्या सुट्या न करता दुसऱ्या रीतीने कापायला लावल्या.

ही रीत नवी नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीवर कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये बुद्धिविलासिनी नावाची टीका लिहिली. तिच्यात वर्तुळाचे आधी दोन अर्धे भाग करून, प्रत्येक अर्ध्याचे सुईसारखे टोकदार तुकडे पाडून, ते दोन अर्धे एकमेकांत बसवण्याची युक्ती सांगितली आहे. यातील ‘आधी दोन अर्धे’ ही पायरी आपण वर्गात गाळतो, आणि माझ्या मते मुलांचा गोंधळ तेथेच सुरू होतो.

साहित्य म्हणून पातळ कार्डशीट घेतले. आमच्या भागात द्राक्षांच्या खोक्यांचा पुठ्ठा घरोघरी मिळतो, पण तो वाकवला की चिरतो आणि येथे तर कागद वाकणे आवश्यक असते. त्रिज्या १० सेमी ठेवली. पाठ्यपुस्तकी सवयीने आपण ७ सेमी घेतो. मात्र तेव्हा अर्धा परीघ २२ सेमी येतो आणि ‘बावीस छेद सात’मधील बावीस तो हाच, अशी मुलांची समजूत होते. १० सेमी त्रिज्येला π ची किंमत ३.१४ घेतली तर परीघ ६२.८ सेमी आणि अर्धा परीघ ३१.४ सेमी येतो. ही संख्या दुसऱ्या कशातही मिसळत नाही.

प्रत्येक गटाने वर्तुळ कापून चार वेळा निम्म्यात घडी घातली, म्हणजे सोळा समान पाकळ्यांच्या खुणा उमटल्या. मग व्यासावर कापून दोन अर्धवर्तुळे केली. एक तांबडे रंगवले, दुसरे पिवळे. त्यानंतर केंद्राकडून परिघाच्या दिशेने घडीवर कात्री चालवायची, पण कडेशी कागदाचा एक बारीक धागा शिल्लक ठेवायचा. पाकळ्या त्या धाग्यांवर एकमेकींना जोडलेल्या राहतात आणि अर्धवर्तुळ हलकेच उघडले की ते फणीसारखे सरळ होते: वर आठ कंसांची एक ओळ, खाली आठ टोके. येथे मी थांबून विचारले की या फणीची पाठ कशापासून बनली. अर्ध्या वर्तुळाची गोल कडच उलगडून ही पाठ झाली, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलेले होते, त्यामुळे तिची लांबी अर्धा परीघ आहे हे मला सांगावेच लागले नाही. पिवळी फणी उलटी करून तांबड्या फणीच्या फटींत बसवली. वरची कड पूर्ण तांबडी, खालची कड पूर्ण पिवळी. पूर्ण परीघ एकाच बाजूला कसा येईल, असा प्रश्न आता मुलेच एकमेकांना विचारू लागली.

या आकृतीच्या दोन्ही बाजू तिरप्या असतात. एका टोकाची पाकळी टोकापासून कंसाच्या मध्यापर्यंत कापून अर्धा तुकडा दुसऱ्या टोकाला लावला की बाजू उभ्या होतात, आणि ती उभी बाजू म्हणजे नुकताच कापलेला त्रिज्येचा छेद असल्यामुळे तिची लांबी १० सेमी भरते. अशा रीतीने लांबी ३१.४ सेमी, रुंदी १० सेमी आणि क्षेत्रफळ ३१४ चौसेमी. एका मुलाने सभोवतीची लांबी मोजण्याचा आग्रह धरला, तेव्हा वर्तुळाची ६२.८ असताना आयताची ८२.८ सेमी आली. हे वाढलेले २० सेमी म्हणजे दोन्ही टोकांच्या उभ्या बाजूंच्या दोन त्रिज्या, ज्या आधी वर्तुळाच्या पोटात होत्या. क्षेत्रफळ मात्र तेच राहिले, कारण कागद ना वाढला ना कमी झाला.

खरी अडचण पुढे आली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, वरची कड सरळ कुठं आहे? ती तर नागमोडी आहे. मग याला आयत का म्हणायचं?” तिचा आक्षेप योग्य होता, आणि ‘पाकळ्या पुष्कळ केल्या की कड सरळ होते’ एवढ्याने त्याचे उत्तर होत नाही. तिला मी हे पटवण्यासाठी आलेख कागदावर १० सेमी बाजूचा चौरस काढायला सांगितला आणि त्याच्या कर्णालगत पायऱ्या काढून घेतल्या. पायऱ्या कितीही बारीक केल्या तरी त्यांची एकूण लांबी २० सेमीच राहते, कर्ण मात्र सुमारे १४.१ सेमी असतो. म्हणजे वाकडेपणा दिसेनासा झाला म्हणून लांबी जुळतेच असे नाही. ती वेगळी तपासावी लागते.

म्हणून गटांनी आठ, सोळा आणि बत्तीस पाकळ्यांच्या आकृत्या केल्या. बत्तिसांसाठी कार्डशीट जाड पडते, तेव्हा साध्या कागदावर शेजारच्या दोन घड्या एकमेकींवर आणून मधली घडी पाडावी. प्रत्येक आकृतीत दोन गोष्टी पाहिल्या: कंसाचा फुगवटा त्याच्या दोन टोकांना जोडणाऱ्या रेषेच्या किती बाहेर येतो आणि त्या सर्व जीवा मिळून एका बाजूची सरळ लांबी किती होते. आठ पाकळ्यांत फुगवटा सुमारे साडेसात मिलिमीटर आणि सरळ लांबी ३०.६ सेमी, सोळांत फुगवटा जेमतेम दोन मिलिमीटर आणि लांबी ३१.२ सेमी. बत्तिसांत फुगवटा अर्ध्या मिलिमीटरवर येतो, पट्टीवर तो मोजताच येत नाही, आणि सरळ लांबी ३१.४ च्या अगदी जवळ पोहोचते. तीन-चार गटांच्या मापांत थोडा फरक पडला, कारण कात्रीचा छेद घडीवरून सरकला की फटी राहतात आणि लांबी ३१.४ च्याही पुढे जाते. मोजलेली लांबी अर्ध्या परिघापेक्षा जास्त आली तर कापण्यात किंवा जुळवण्यात चूक आहे हे ओळखावे, कारण जीवा कंसापेक्षा नेहमी लहानच असते.

पायऱ्यांच्या उदाहरणात फरक कायम राहतो, येथे तो मिटत जातो, कारण पाकळी जितकी अरुंद तितका तिचा कंस आणि त्याची जीवा यांतील फरक कमी होतो. तयार होणारी आकृती काटेकोरपणे आयत कधीच नसते. पण आयतापासूनचा तिचा फरक आपण हवा तितका लहान करू शकतो, म्हणून क्षेत्रफळ ३१४ पेक्षा वेगळे असण्यास जागा उरत नाही. हे मी फळ्यावर याच शब्दांत लिहिले.

त्यानंतर १० च्या जागी r लिहिला. लांबी πr, रुंदी r, म्हणून क्षेत्रफळ πr². त्याच तासाला मुलांनी आणखी एक गोष्ट काढली. सोळांपैकी एका पाकळीचा कंस ३.९२५ सेमी आहे, आणि कंसाची निमपट गुणिले त्रिज्या केले की १९.६२५ चौसेमी येतात, जे ३१४ चा बरोबर सोळावा भाग आहेत. वर्तुळपाकळीच्या क्षेत्रफळाचे सूत्र असे मुलांकडूनच आल्यामुळे ते मी आता वेगळे शिकवत नाही.