ऐहोळेच्या ओळखीचे पुढे काय झाले

*"सहलीत किंवा परिषदेत कुणाशी छान गप्पा होतात, नंबर घेतो, पण घरी आल्यावर काय लिहावं तेच सुचत नाही. तुमच्या अशा ओळखी दुसऱ्या गावातल्या माणसांशी इतकी वर्षं कशा टिकतात?"*

सगळ्या टिकत नाहीत, हे आधी सांगतो. नागपूरच्या एका परिषदेत एका अभ्यासकांशी दोन दिवस उत्तम गप्पा झाल्या होत्या. परतल्यावर मी त्यांना भलामोठा संदेश लिहिला. त्यात परिषदेची स्तुती होती, त्यांच्या निबंधाची मागणी होती आणि त्यांच्या ओळखीतल्या एका संग्राहकांकडे माझ्यासाठी शब्द टाकण्याची विनंतीही होती. उत्तरादाखल जोडलेले हात आले. महिन्याभराने मी आठवण करून दिली, तेव्हा पुन्हा तेच हात आले आणि प्रकरण तिथेच संपले. दोन दिवसांच्या ओळखीवर मी एकदम दोन कामे लादली होती, आणि त्या संदेशात त्यांच्यासाठी काहीच नव्हते. ते हात म्हणजे सभ्य नकार होता, हे कळायला मला उशीर लागला.

धारवाडच्या एका निवृत्त शिक्षकांशी झालेली ओळख मात्र सहा वर्षे चालू आहे. आमची भेट कर्नाटकातल्या ऐहोळेला, मेगुटीच्या टेकडीवर झाली. तिथल्या जैन मंदिराच्या पूर्वेकडील भिंतीवर शके ५५६, म्हणजे इ. स. ६३४चा कवी रविकीर्तीचा शिलालेख आहे, आणि त्यात चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचे आधिपत्य मिळवल्याचा उल्लेख आहे. ती ओळ शोधत मी भिंतीशी डोळे बारीक करून उभा होतो. सरांनी मागून येऊन बोट ठेवून ती दाखवली. त्यांचे आजोळ मिरजेचे, त्यामुळे मराठी स्वच्छ. उतरताना वीरगळांचा, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांच्या स्मारकशिळांचा विषय निघाला, तेव्हा ते म्हणाले की तुमच्या वीरगळातला 'गळ' हा आमचा 'कल्लु', म्हणजे दगड. मी म्हणालो, आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावात मारुतीच्या देवळाबाहेर असा एक दगड आहे, त्याचा फोटो पाठवतो. पुढचे सगळे या सहज दिलेल्या शब्दावर उभे राहिले.

नंबर घेताना मी नावापुढे 'ऐहोळे, मेगुटी, डिसेंबर' असे लिहून ठेवतो, कारण नुसते 'कुलकर्णी सर' माझ्या फोनमध्ये चार आहेत. पहिला संदेश तिसऱ्या-चौथ्या दिवशी लिहितो. परतीच्या रात्री प्रत्येकाच्या फोनवर सहलीच्या गटातले शेकडो फोटो कोसळत असतात, त्यात आपले चार शब्द वाहून जातात. आणि पंधरा दिवस लोटले की समोरच्याला चेहरा आठवेनासा होतो. सरांना लिहिलेला संदेश जसा होता तसा देतो:

"सर, सप्रेम नमस्कार. रविवारी मेगुटीच्या भिंतीशी आपण मला 'महाराष्ट्रक' शब्द असलेली ओळ दाखवलीत, तो पुण्याचा मी. उतरताना बोललो होतो त्या आमच्या गावच्या वीरगळाचा फोटो सोबत जोडला आहे. वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा स्पष्ट दिसते. मधल्या चौकटीतल्या आकृती अप्सरा असाव्यात असे मला वाटते. आपल्याला काय वाटते? सवडीने कळवावे, घाई नाही."

यात 'ओळखलंत का?' हा प्रश्न नाही. वडीलधाऱ्या माणसाला असे कोड्यात टाकणे मला उद्धटपणाचे वाटते. आपण कोण ते आपणच पहिल्या वाक्यात सांगावे, आणि तेही हुद्द्याने सांगण्यापेक्षा भेटीतल्या एखाद्या खुणेने. विचारलेला प्रश्न एकच आहे, आणि सरांना तो बसल्या जागी, दगडाकडे बघून सोडवता येण्याजोगा आहे. 'कधी पुण्याला आलात तर नक्की या' हे वाक्य मी मुद्दाम गाळले, कारण त्याला 'हो' खेरीज उत्तर नसते.

फोटोच्या बाबतीत मात्र मी चुकलो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की त्याचा आकार कमी होतो, आणि झिजलेल्या दगडावर जे थोडेफार कोरीव दिसते तेही पुसट होते. शिवाय तो भर दुपारी काढलेला होता. सरांनी लिहिले की अप्सरा असतीलही, पण मला शेंदूरच दिसतो आहे. मग मी पुढच्या खेपेला गावी सकाळी लवकर गेलो. ऊन तिरपे पडते तेव्हा उठावाच्या कडेला सावली धरते आणि आकृती सुटी दिसते. तेव्हा काढलेला फोटो मी 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आले: "अप्सराच. वीराला दोन्ही बाजूंनी धरून वर नेत आहेत. खालच्या चौकटीत गुरे आहेत का?"

खालची चौकट अर्धी मातीत होती. मी तसे कळवले, आणि हा प्रश्न आमच्यात चार वर्षे तसाच राहिला. या काळात आम्ही रोज बोललो असे मुळीच नाही. वर्षाकाठी तीन-चार संदेश होत असतील. मला कुठे वीरगळ दिसला की मी पाठवतो, ते कन्नड नियतकालिकातले एखादे पान पाठवून दोन ओळींत त्याचा अर्थ सांगतात. त्यांचे उत्तर दीड महिन्याने आले तरी मी मध्ये काही पाठवत नाही. सुप्रभातीची फुले तर कधीच पाठवत नाही. रोज फुले येऊ लागली की माणूस ते नाव न उघडता पुढे जाऊ लागतो, आणि मग कामाचा फोटोही त्यातच जातो. सणांपैकी आम्ही एकच पाळतो. पाडवा आणि युगादी एकाच दिवशी येतात, म्हणून त्या सकाळी मी "युगादि हब्बद शुभाशयगळु" असे लिहितो आणि सर "गुढीपाडव्याच्या शुभेच्छा" लिहितात. पहिल्या वर्षी मी 'हब्बद'चे भलतेच काहीतरी केले होते. त्यांनी ते न हसता दुरुस्त केले. (हसले असतीलही, मला फोनवर कसे दिसणार!) कडुलिंब-गूळ तिकडेही असतो, त्याला ते बेवु-बेल्ल म्हणतात, हे मला अशाच एका पाडव्याला कळले.

फोन मी विचारल्याशिवाय करत नाही. करोनाच्या काळात ते तीन महिने गप्प होते, तेव्हा एकदाच नियम मोडला आणि "सर, दगडाचे काही नाही, आपली चौकशी करायची होती" एवढेच बोललो.

गेल्या वर्षी गावकऱ्यांनी देवळापुढे फरशी घालायची ठरवली, तेव्हा तो दगड काढून ओट्यावर उभा केला. पुतण्याने पाणी मारून माती धुतली. खालच्या चौकटीत तलवार उपसलेला माणूस होता आणि त्याच्या मागे एकापुढे एक अशा तीन गायी होत्या. मी ओट्यावरूनच फोटो पाठवला, डॉक्युमेंट म्हणून. चार मिनिटांत उत्तर आले, एकच शब्द: "तुरुगोळ." अर्थ विचारायला मी टाइप करत होतो, तेवढ्यात सरांचाच फोन वाजला, आणि गुरे पळवणाऱ्यांशी झुंजून मेलेल्या त्या अनाम माणसाबद्दल आम्ही पाऊण तास बोललो.