डोकं न हलवता पडून राहणं

"ताई, तुम्ही तर रोज एमआरआयच्या मशीनवर असता. आठ आठवडे ध्यान केलं की मेंदू बदलतो आणि ते स्कॅनमध्ये दिसतं म्हणतात. खरं का हो?"

१६ माणसांत दिसलं होतं. पुढे दोनशेहून जास्त माणसांत तपासलं, तेव्हा दिसलं नाही. मी स्वतः पहाटे ध्यानाला बसते, इगतपुरीला दहा दिवसांचं शिबिरही केलंय. ध्यानाला कमी लेखायची मला काहीच हौस नाही. पण मशीन काय बघू शकतं आणि काय नाही, हे रत्नागिरीतल्या आमच्या सेंटरवर रोज डोळ्यांसमोर असतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ज्या अभ्यासावरून ही बातमी पसरली तो २०११ सालचा. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ब्रिटा होल्झेल, सारा लाझार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये ताण कमी करण्यासाठी आठ आठवड्यांचा एक अभ्यासक्रम सुरू केला होता. त्यात श्वासावर लक्ष ठेवणं, अंगावरून सावकाश लक्ष फिरवणं आणि थोडी योगासनं असतात. या अभ्यासक्रमाला आलेल्या १६ जणांचे स्कॅन आधी आणि नंतर काढले. अभ्यासक्रम न केलेल्या १७ जणांचेही तसेच काढले. शिकणाऱ्यांनी रोज सरासरी २७ मिनिटं सराव केला. शेवटी त्यांच्या डाव्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणींशी संबंध असलेल्या भागात, ग्रे मॅटरचं प्रमाण वाढलेलं आढळलं. आणखी काही भागांतही वाढ होती. या मंडळींनी खोटं काही केलं नाही, जे मिळालं ते छापलं. "आठ आठवड्यांत मेंदू नव्याने घडतो" असा मथळा त्यावर दुसऱ्यांनी चढवला.

ग्रे मॅटर म्हणजे मेंदूतला पेशींनी भरलेला करडा भाग, आणि व्हाइट मॅटर म्हणजे त्या पेशींना जोडणाऱ्या तंतूंचा पांढरा भाग. आता 'ग्रे मॅटरचं प्रमाण' म्हणजे काय? पेशी कोणी मोजलेल्या नसतात. स्कॅनमध्ये मेंदूचे साधारण एक-एक मिलिमीटरचे ठोकळे पडतात, आणि तेवढ्याशा एका ठोकळ्यात हजारो पेशी असतात. प्रत्येक ठोकळ्याला आमच्या पडद्यावर पांढऱ्या-काळ्याची एक छटा मिळते. त्या छटेवरून कॉम्प्युटर अंदाज बांधतो की यात ग्रे मॅटर किती, व्हाइट मॅटर किती, पाणी किती. मग सगळ्यांचे मेंदू एका नमुन्याच्या मापात ताणून-आवळून बसवतात, चित्र थोडं पुसट करतात आणि गटांची सरासरी ताडून बघतात. म्हणजे हाती येतो तो छटांवरून काढलेला अंदाज. छटा ज्या ज्या कारणाने बदलेल, त्या त्या कारणाने तो अंदाजही बदलतो.

हलणं हे त्यातलं सगळ्यात मोठं कारण. मागच्या पावसाळ्यात, होड्या किनाऱ्याला लागल्यावर, मिरकरवाड्याहून एक खलाशी आले होते. वय पन्नाशीच्या आसपास, डोकेदुखीसाठी डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय लिहून दिलेला. आडवे झाले, कानात बोळे घातले, डोक्याच्या दोन्ही बाजूंना मी फोमच्या गाद्या लावल्या, वरून हेड कॉइल बसवली. आयुष्य समुद्रावर काढलेला माणूस, पण त्या बोगद्यात शिरल्यावर घाबरा झाला. मशीनचा ठोका सुरू झाला की दर वेळी गिळायचे, आणि गिळताना हनुवटी वर-खाली व्हायची. पडद्यावर चित्र आलं तेव्हा कवटीची कड दोन-तीनदा उमटलेली, शांत पाण्यावर लाटेच्या रेघा दिसाव्यात तशी. आणि मुख्य म्हणजे वरचा करडा थर आणि आतला पांढरा भाग यांच्यातली सीमा विरघळल्यासारखी झाली होती. मी मशीन थांबवलं, त्यांना बाहेर घेतलं, पाणी दिलं. त्यांच्या मुलाला आत बोलावून त्यांच्या पायावर हात ठेवून बसवलं आणि पुन्हा काढलं. दुसऱ्या खेपेला सीमा स्वच्छ आली. मेंदू तोच, मधे गेलेली वीस मिनिटं.

ही दोन चित्रं ग्रे मॅटर मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घातली असती तर पहिल्यात कमी आणि दुसऱ्यात जास्त आलं असतं. हा माझा नुसता तर्क नाही. २०१५ मध्ये मार्टिन रॉयटर आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना मशीनमध्ये मुद्दाम मान हलवायला लावून हेच तपासलं. हलणं वाढलं की ग्रे मॅटरचं माप कमी येतं, आणि डोळ्यांना चित्र ठीक वाटत असलं तरी ते कमी येऊ शकतं.

ध्यान शिकवताना पहिल्या दिवसापासून कशाचा सराव होतो? न हलता राहण्याचा. खाज आली तरी हात न्यायचा नाही, पाय दुखला तरी बघत राहायचं. आठ आठवडे हे केलेला माणूस दुसऱ्या स्कॅनला पहिल्यापेक्षा स्थिर पडून राहिला, तर मेंदू तसूभरही न बदलता त्याचं ग्रे मॅटर वाढलेलं दिसू शकतं. ज्याने ध्यान केलं नाही त्याला हा सराव नाही, म्हणून त्याचं वाढत नाही. २०११ च्या अभ्यासात असंच घडलं असा माझा दावा नाही. पण असा कुठलाही अभ्यास हाती आला की दोन्ही गटांचं हलणं मोजलं का आणि त्याचा हिशेब धरला का, हे मी आधी शोधते. तो हिशेब नसेल तर त्या वाढीवर मी भार टाकत नाही.

दुसरी अडचण आपल्याकडच्या बागायतदाराला दोन वाक्यांत कळेल. हापूस एक वर्ष धरतो, दुसऱ्या वर्षी हात राखतो. यंदा ज्या १६ कलमांनी दगा दिला त्यांनाच नवं खत घातलं आणि पुढच्या वर्षी ती लगडली, तर ते श्रेय खताचं की पाळीचं? ताण कमी करण्याच्या वर्गाला माणूस कधी येतो? ताण टिपेला पोचल्यावर. तिथून काहीही केलं नाही तरी थोडा उतार पडतोच. शिवाय वर्गात चार माणसं भेटतात, कुणीतरी आपलं ऐकून घेतं, घरचा रगाडा आठवड्यातून काही तास सुटतो. खताची खरी परीक्षा घ्यायची तर बागेतली कलमं चिठ्ठ्या टाकून वाटायला हवीत. आणि उरलेल्या कलमांनाही निदान तेवढंच पाणी आणि तेवढीच मशागत मिळायला हवी. २०११ च्या अभ्यासात चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या, आणि दुसऱ्या गटाला तेवढी मशागतही नव्हती.

ही परीक्षा २०२२ मध्ये झाली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात, रिचर्ड डेव्हिडसन यांच्या प्रयोगशाळेत, टॅमी क्रॉल आणि सहकाऱ्यांनी दोन चाचण्या एकत्र करून २१८ माणसं तपासली. त्यांच्यातल्या ७५ जणांना तोच आठ आठवड्यांचा ध्यानाचा अभ्यासक्रम मिळाला. ७३ जणांना तेवढ्याच वेळेचा दुसरा वर्ग मिळाला, व्यायाम, आहार आणि संगीताचा, ध्यानाशिवाय. ७० जण नुसते यादीत थांबले. कोण कुठे जाणार हे चिठ्ठीने ठरलं. आधीच्या अभ्यासांत ज्या भागांत वाढ दिसली होती ते भाग त्यांनी तपासलेच, वर सगळा मेंदूही पाहिला. आकारमान, घनता, जाडी, कशातच ध्यानाचा गट इतर दोघांपेक्षा वेगळा निघाला नाही. डेव्हिडसन स्वतः अनेक वर्षं ध्यान करणारे, ध्यानाच्या संशोधनातलं मोठं नाव. त्यांच्याच प्रयोगशाळेने आपल्या आवडीविरुद्धचा निकाल जसाच्या तसा छापला, याबद्दल मला फार आदर वाटतो.

या निकालालाही त्याच्या जागेपुरतंच धरायचं. तो नवख्या, निरोगी माणसांचा आणि आठच आठवड्यांचा आहे. वीस-तीस वर्षं ध्यान करणाऱ्यांबद्दल तो काही सांगत नाही. अशा मुरलेल्या लोकांवरचा लाझार यांचा २००५ चा अभ्यास आहे. त्यात ध्यान करणाऱ्या २० जणांचे मेंदू ध्यान न करणाऱ्या १५ जणांशी ताडून पाहिले आणि काही भागांत थर जाड आढळला. पण त्यात प्रत्येकाचं एकदाच चित्र काढलंय. वल्ही मारून खांदे भरले, की भरल्या खांद्यांचेच गडी वल्ह्यावर टिकले, हे एका फोटोवरून ठरत नाही.

मेंदूत रंगीत ठिपके पेटलेले दिसतात त्या चित्रांचं, म्हणजे फंक्शनल एमआरआयचं, एकच सांगते. तिथे मशीन विचार बघत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक बघतं. ध्यानात श्वास मंदावतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड बदलतो आणि मेंदूचा रक्तपुरवठाही हलतो. म्हणून श्वास वेगळा नोंदवलेला नसेल, तर तो ठिपका मनाचा की फुप्फुसांचा हे सांगता येत नाही.

मग ध्यानाचा उपयोग काय, असं लगेच विचारतात. त्याचं उत्तर स्कॅनमध्ये नाही, माणसांना विचारून केलेल्या चाचण्यांत आहे. २०१४ मध्ये ४७ चाचण्या आणि साडेतीन हजार माणसं एकत्र धरून पाहिलं, तेव्हा चिंता, नैराश्य आणि दुखणं यांत थोडा पण खराखुरा फरक आढळला. व्यायाम किंवा औषधांपेक्षा ध्यान सरस असल्याचं मात्र आढळलं नाही. माझ्या अनुभवाला हे जुळतं. आई गेल्यानंतरचं वर्ष मी पहाटेच्या त्या बैठकीच्या आधाराने काढलं, आणि तेव्हा माझ्या हिप्पोकॅम्पसचं काय चाललं होतं हे मला माहीत असण्याची गरज पडली नाही.

आमच्या वाडीतल्या काकूंनी गेल्या महिन्यात हाच प्रश्न विचारला आणि पुढे म्हणाल्या, "मग माझाच काढ की एक आत्ता आणि एक दोन महिन्यांनी. पैसे देते." मी नको म्हटलं. अभ्यासात जे काही दिसतं ते गटाच्या सरासरीत दिसतं. एकट्या काकूंच्या दोन चित्रांत जो फरक येईल तो नीट न झोपल्याचा असेल, पाणी कमी प्यायल्याचा असेल, नाहीतर डोकं दोन मिलिमीटर वाकडं ठेवल्याचा असेल. आणि डॉक्टर रिपोर्टमध्ये गाठ, रक्तस्राव, सूज बघतात. ध्यानाचा रकाना त्यात नसतो.

काकू थोड्या हिरमुसल्या. मग मी विचारलं, हल्ली रात्री कितीदा जाग येते? म्हणाल्या, "तीनदा." ओटीवर कालनिर्णय टांगलेलं होतं. त्यातल्या त्या दिवसाच्या चौकोनात त्यांनी पेन्सिलीने तीन लिहिलं, आणि आता रोज लिहितात.