मामाचा पास, चिन्याचं कार्ड

दुपारी फोनमधले नको ते फोटो पुसत बसले होते. एक स्क्रीनशॉट काही पुसवेना. चिन्याच्या अर्जाची पोच, जर्मनीतली वेळ २३:५१.

त्या रात्री नौपाड्यात पहाटेचे चार वाजले होते. "ताई, जागी आहेस?" जागी नव्हते. याचा निवासी परवाना ३१ जानेवारीला संपत होता, आणि तिकडे ३१ जानेवारी संपायला अर्धा तास उरला होता. माझ्या कॅलेंडरात तर फेब्रुवारी लागलेला!

मी तिकडे तीन वर्षं काढली आहेत, म्हणून मीच. कायदा थोडक्यात असा, की मुदतीच्या आत अर्ज पोचला तर निकाल लागेपर्यंत जुना परवाना चालूच आहे असं धरतात. त्याचा जो दाखला मिळतो, त्याचं नाव फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. शब्दशः कल्पिताचा दाखला. बारा वाजून गेले, की हे धरणं आपसूक होत नाही, मग साहेबाची मर्जी.

चिन्या मात्र कागद पुरे करण्याच्या मागे. वर्षाच्या खर्चासाठी महिना ९९२ प्रमाणे ११,९०४ युरो दाखवायचे, खात्यात साडेसहा हजार. विम्याचा दाखला आलेलाच नाही. "उद्या सगळं एकदम भरू का?" मी ओरडलेच. शेजारच्या खोलीत आई खोकली.

"पगाराच्या स्लिपा आहेत ना? त्या जोड. विम्याच्या जागी एक कोरा कागद घे, लिही की दाखला मागवलाय, मिळताच पाठवतो. सही कर, फोटो काढ, चढव."

फोटो नऊ एमबीचा. फॉर्म घेईना. लहान करेपर्यंत पानाची वेळ संपली आणि सगळं पहिल्यापासून. यावेळी मी नाव, पासपोर्ट नंबर एकेक अक्षर म्हणवून घेतलं, पाढे घेतात तसं. बाहेर दूधवाल्याची सायकल वाजली.

मामाचंही हेच. तीन महिन्यांचा पास ज्या दिवशी संपायचा, त्याच संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या खिडकीवर. मी बोट धरून. रांग पुलाच्या पायऱ्यांपर्यंत, आणि मामा निवांत, "आज रात्रीपर्यंत चालतोय की!" शर्टाच्या खिशातून प्लास्टिकचं पाकीट काढून तारीख मलाच वाचायला लावायचा. मला तेव्हा ते शौर्य वाटे. नंतर उसाचा रस मिळायचा, म्हणूनही असेल.

पोच आली तशी मी ती पीडीएफ त्याला तीन ठिकाणी ठेवायला लावली. हा माझा जुना रोग.

आता नवीन कार्ड आलंय. परवा विचारलं, "मुदत कधीपर्यंत?"

"बघून सांगतो," म्हणाला.