दीड महिना: एकदा एकवचन, एकदा अनेकवचन

फ्रान्समध्ये प्रेफेक्त्युर या सरकारी कचेरीला किंवा विद्यापीठाला पत्र लिहायची वेळ आली की बोलून भागवलेलं फ्रेंच उघडं पडतं. बोलताना क्रियापदांची अर्धीअधिक रूपं कानाला सारखीच लागतात. अनेकवचनाची ई, एन, टी ही शेपटी मुकी असते. कागदावर मात्र ती लिहावीच लागते, आणि ती लिहायची की नाही हे ठरवताना आपलं मराठी डोकं काही ठिकाणी हमखास अडखळतं.

समजा, अर्ज करून दीड महिना झालाय आणि उत्तर नाही. हा काळ दोन तऱ्हांनी सांगता येतो. ‘एक महिन्याहून जास्त लोटला’ म्हणायचं तर ‘प्ल्यू दं म्वा से एकुले’. क्रियापद एकवचनी. ‘दोन महिन्यांहून कमी लोटला’ म्हणायचं तर ‘म्वँ द दो म्वा स सों एकुले’. क्रियापद अनेकवचनी! दीड महिना तोच, पण एकाहून जास्त म्हटलं की एकवचन आणि दोनाहून कमी म्हटलं की अनेकवचन. यात गणित शोधू नये. क्रियापद शेजारच्या संख्येकडे बघतं: ‘अं’ म्हणजे एक, म्हणून एकवचन, ‘दो’ म्हणजे दोन, म्हणून अनेकवचन. ‘म्वा’ हा शब्द दोन्ही वचनांत तसाच लिहितात, त्यामुळे त्याच्याकडूनही मदत नाही. तर्कशुद्ध म्हणून मिरवणाऱ्या भाषेला हे शोभतं का, हा प्रश्न वेगळा. आपल्याकडे ‘एकाहून जास्त अर्ज आले’ इतकं सरळ आहे.

याला अपवाद आहेत. ‘दहा लाखांहून जास्त माणसं’ म्हणताना फ्रेंचमध्ये ‘प्ल्यू दं मिल्यों द पेर्सोन’ येतं. तिथे ‘अं’ हा मिल्योंचा भाग असतो, म्हणून क्रियापद माणसांप्रमाणे अनेकवचनी. एकमेकांना फसवणं, एकमेकांना मदत करणं अशी परस्परक्रिया असली तरीही ‘प्ल्यू दं’ला अनेकवचन लागतं.

‘ला प्ल्यूपार’चं, म्हणजे ‘बहुतेक’चं, मात्र सोपं आहे. पुढचा ‘ला’ स्त्रीलिंगी एकवचनी दिसला तरी भुलायचं नाही. वचन आणि लिंग दोन्ही मागून येणाऱ्या नामाचं घ्यायचं. बहुतेक फायली पूर्ण आहेत: ‘ला प्ल्यूपार दे दोसिए सों कोंप्ले’. इथे ‘ए कोंप्लेत’ लिहिलं तर चूक. नाम गाळून नुसतं ‘ला प्ल्यूपार’ म्हटलं तरीही अनेकवचन राहतं.

खरी मजा ‘अं दे… की’मध्ये, म्हणजे ‘…पैकी एक, जो’मध्ये आहे, आणि इथे मराठी आपल्याला फ्रेंच माणसापेक्षा पुढे नेते. ‘अं दे दोसिए की ओं एते रफ्युझे’ की ‘की आ एते रफ्युझे’? ‘ओं’ अनेकवचनी, ‘आ’ एकवचनी. ‘की’ नेमकं कोणाला धरून आहे, सगळ्या फायलींना की त्या एकीला, हे वाक्याच्या बांधणीवरून कळत नाही. म्हणून आधी मराठीत मांडून बघावं. ‘ज्या फायली नामंजूर झाल्या, त्यांतली एक’ असं म्हणायचंय का? मग अनेकवचन. ‘फायलींतली जी एक नामंजूर झाली’ असं म्हणायचंय का? मग एकवचन. आपल्या ‘जो-तो’ला हा घोळ करताच येत नाही, ‘जी’ आणि ‘ज्या’ आधीच वेगळे असतात.

पाच फायलींपैकी तीन नामंजूर झाल्या आणि तुमची त्यांत आहे, तर ‘ओं’ लिहा आणि ‘रफ्युझे’च्या शेवटी अनेकवचनाचा एसही जोडा. तो ऐकू येत नाही, म्हणूनच राहून जातो. पाचांपैकी एकच नामंजूर झाली असेल, तर ‘आ’ चालेल, पण वाचणाऱ्याला शंका येऊ शकते. त्यापेक्षा ‘की’ काढूनच टाका: ‘अं दे दोसिए आ एते रफ्युझे’, म्हणजे फायलींपैकी एक नामंजूर झाली. आता कर्ता थेट ‘अं’ झाला; एकवचनाशिवाय पर्यायच नाही.

नोकरीच्या अर्जात ‘ज्यांनी अमुक केलंय त्यांच्यापैकी मी एक’ हे वाक्य येतंच. वाक्य ‘झ’ने, म्हणजे ‘मी’ने, सुरू होतं म्हणून क्रियापद प्रथमपुरुषी करायचा मोह होतो. तो टाळा: ‘झ स्वी अं द स की ओं…’ हेच बरोबर. इथे फ्रेंच मंडळीही बोलताना सर्रास एकवचन वापरतात, तेव्हा आपल्यालाच काय ते कमी येतं असं समजायचं कारण नाही. पण त्यांचं ऐकून पत्रात तसं लिहू मात्र नका. संगणकातल्या शुद्धलेखन तपासनिसावरही विसंबू नका. ‘आ’ आणि ‘ओं’ दोन्ही रूपं शुद्धच आहेत. फायली किती नामंजूर झाल्या, हे त्याला कुठून कळणार?

‘ला माझोरिते दे…’ची, म्हणजे बहुमताची, फार काळजी नको. दोन्ही वचनं चालतात. मतदानातलं मोजलेलं बहुमत असेल तर एकवचन शोभतं, नुसतंच ‘पुष्कळसे लोक’ म्हणायचं असेल तर अनेकवचन. फक्त एकाच पत्रात एकदा हे आणि एकदा ते करू नये.